होस्टिंग घेण्याआधी: बँडविड्थ, स्टोरेज, अपटाइम आणि कंट्रोल पॅनेल म्हणजे नेमकं काय

नागपुरात महाल भागात एका काकूंचं संत्रा बर्फी आणि सावजी मसाल्याचं घरगुती दुकान आहे. पुतण्याने त्यांना साधी वेबसाइट करून दिली होती: एक पान, बारा फोटो, खाली फोन नंबर. डिसेंबरात विधानसभेचं अधिवेशन असलं की बाहेरगावची मंडळी बर्फीची ऑर्डर देतात, म्हणून वेबसाइटचा पत्ता त्यांनी पिशव्यांवरही छापून घेतला. ९ डिसेंबरला सकाळी त्यांचा मला फोन आला, "काहून रे बाबू, आमची साइट काहून उघडून नाही राह्यली?" मी माझ्या फोनवर उघडून पाहिली. पांढऱ्या पानावर एवढंच होतं:

```
509 Bandwidth Limit Exceeded
```

होस्टिंग घेताना काकूंनी प्लॅन वाचला होता. त्यावर लिहिलं होतं: १० जीबी स्टोरेज, १०० जीबी बँडविड्थ, ९९.९ टक्के अपटाइम, कंट्रोल पॅनेल मोफत. चारही गोष्टी त्यांना भरपूर वाटल्या. सीताबर्डीत छोट्या दुकानांच्या वेबसाइटचं काम करताना मला हेच रोज दिसतं. लोक आकडे वाचतात, पण आकडा कशाचा आहे ते त्यांना कोणी सांगत नाही. म्हणून हे चार शब्द काकूंच्याच वेबसाइटवर उलगडून दाखवतो.

आधी दोन शब्द, पटकन

डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव, `.in` किंवा `.com` ने संपणारं. ते वर्षाच्या हिशेबाने घ्यावं लागतं आणि मुदत संपली की पुन्हा पैसे भरावे लागतात. होस्टिंग म्हणजे वेबसाइटच्या फाइली ठेवायला भाड्याने घेतलेली जागा. दुकानाच्या भाषेत सांगायचं तर डोमेन ही पाटी आणि होस्टिंग हा गाळा. दोन्ही एकाच कंपनीकडून घेता येतात, वेगवेगळ्या कंपन्यांकडूनही. पण दोन्हींची मुदत वेगवेगळ्या तारखांना संपू शकते, हे आजच वहीत लिहून ठेवा.

ज्या संगणकावर हा गाळा असतो त्याला सर्व्हर म्हणतात. तो डेटा सेंटरमध्ये असतो. तिथे जनरेटर, बॅटऱ्या, एसी, सगळी सोय असते. "आमच्याकडे लाइट गेली तर साइट बंद पडते का?" असं मला उन्हाळ्यात हमखास विचारतात. नाही पडत. तुमच्या घरची लाइट गेली तर फक्त तुम्हाला ती दिसत नाही. पुण्यातल्या गिऱ्हाइकाला ती दिसतच असते.

बँडविड्थ

काकूंची साइट ज्याने बंद पडली तो शब्द आधी घेऊ, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

बँडविड्थ या शब्दाचे दोन अर्थ चालतात. इंटरनेटवाल्याच्या तोंडी त्याचा अर्थ वेग: १० एमबीपीएस, १०० एमबीपीएस. होस्टिंगच्या प्लॅनवर मात्र त्याचा अर्थ महिन्याभरात तुमच्या सर्व्हरवरून किती माल बाहेर गेला, असा असतो. गिऱ्हाइकाने तुमचं पान उघडलं की त्या पानावरची अक्षरं आणि फोटो सर्व्हरवरून त्याच्या फोनवर जातात. जेवढे एमबी गेले, तेवढे तुमच्या खात्यातून वजा. दुसऱ्याने उघडलं की पुन्हा तेवढेच. काही कंपन्या याला डेटा ट्रान्सफर म्हणतात आणि ते नाव जास्त बरोबर आहे.

आता काकूंचा हिशेब. पुतण्याने मोबाइलवर काढलेले फोटो जसेच्या तसे चढवले होते. एक फोटो साधारण ४ एमबीचा. बारा फोटो म्हणजे ४८ एमबी. पानावर ते बोटाएवढे दिसत होते, पण लहान दिसणं आणि लहान असणं यात फरक आहे. पानावर फोटोचा आकार कमी करून दाखवला तरी आख्खी ४ एमबीची फाइल आधी गिऱ्हाइकाच्या फोनवर उतरते आणि मग तिथे लहान करून दाखवली जाते.

डिसेंबरात रोज तीनशेच्या आसपास लोक साइट उघडत होते. ३०० गुणिले ४८, म्हणजे दिवसाला १४,४०० एमबी, साधारण १४ जीबी. १०० जीबीला सात दिवस. प्रत्यक्षात साइट नवव्या दिवशी बंद झाली, कारण काही लोक पान पूर्ण उघडायच्या आधीच कंटाळून निघून गेले. तेही साहजिक आहे. १० एमबीपीएसच्या नेटवर ४८ एमबी उतरायला जवळपास चाळीस सेकंद लागतात. इथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवा: वेग मेगाबिटमध्ये मोजतात, फाइल मेगाबाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. म्हणून ४८ ला आधी ८ ने गुणायचं, मग वेगाने भागायचं.

हा मोजणीचा काटा साधारणपणे इंग्रजी महिन्याच्या १ तारखेला पुन्हा शून्यावर येतो. म्हणजे काही केलं नसतं तर काकूंचं दुकान इंटरनेटवर ३१ डिसेंबरपर्यंत बंदच राहिलं असतं, ऐन ऑर्डरींच्या दिवसांत.

कंपनीने फोनवर सांगितलं, मोठा प्लॅन घ्या. मोठ्या प्लॅनने साइट चालू झाली असती, पण चाळीस सेकंदांची वाट तशीच राहिली असती. म्हणून आम्ही फक्त त्या महिन्यापुरती मर्यादा पैसे भरून वाढवून घेतली आणि फोटो लहान केले. ते असे:

१. आधी मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवले. पुढे बोर्ड किंवा डबे छापायचे झाले तर मोठेच फोटो लागतात.

२. प्रत्येक फोटो विंडोजच्या `Paint` मध्ये उघडला, `Resize` दाबलं, तिथे `Pixels` निवडून आडवं माप १२०० केलं. उभं माप आपोआप त्या प्रमाणात बदलतं. मग जेपीईजी म्हणून सेव्ह केला. ४ एमबीचा फोटो साधारण २०० केबीवर आला. फोनवर पाहणाऱ्याला फरक कळत नाही.

३. फाइलचं नाव पूर्वीचंच ठेवलं, एक अक्षरही न बदलता. जुन्या फाइलीच्या जागी नवी चढवली की पानाच्या कोडला हात लावावा लागत नाही.

आता बारा फोटो मिळून २.४ एमबी. तीनशे लोकांचे दिवसाला ७२० एमबी, तीस दिवसांचे साधारण २२ जीबी. तोच १०० जीबीचा प्लॅन चौपट गर्दीलाही पुरेल.

तुमच्या पानाचं वजन किती, हे तुम्ही स्वतः पाहू शकता. संगणकावर क्रोममध्ये आपली साइट उघडा, `F12` दाबा, `Network` वर जा, `Disable cache` समोर खूण करा आणि पान पुन्हा लोड करा. खालच्या पट्टीत एका आकड्यापुढे `transferred` लिहिलेलं दिसेल. तेच पानाचं वजन. साध्या दुकानाच्या पानाला ३ एमबीच्या आत राहायला काहीच अडचण नसते. आकडा २०-३० एमबी दिसला तर यादीच्या डोक्यावरचं `Size` हे शीर्षक दाबा, लागलं तर दोनदा, जड फाइली वर येतील. बहुतेक वेळा ते फोटोच निघतात, क्वचित व्हिडिओ. व्हिडिओ तर होस्टिंगवर ठेवूच नका. यूट्यूबवर चढवून पानावर त्याची जोडणी द्या, म्हणजे तो यूट्यूबच्या सर्व्हरवरून जाईल आणि तुमच्या खात्यातून काही वजा होणार नाही.

"अनलिमिटेड बँडविड्थ" लिहिलेलं असेल तर? त्या प्लॅनमध्ये जीबी मोजत नाहीत, पण मर्यादा दुसरीकडे असते. एकाच सर्व्हरवर शेकडो साइट असतात. अशा सामायिक होस्टिंगमध्ये प्रत्येकाला सर्व्हरची ताकद आणि मेमरी ठरावीकच मिळते. एकाच वेळी खूप लोक आले आणि तो वाटा संपला, तर बरेचदा हे दिसतं:

```
508 Resource Limit Is Reached
```

५०९ म्हणजे महिन्याचा कोटा संपला. ५०८ म्हणजे या क्षणी गर्दी वाट्याबाहेर गेली; ती बहुतेक वेळा काही मिनिटांत ओसरते. दोन्हींचा उपाय वेगळा आहे, म्हणून कंपनीला फोन करण्याआधी पडद्यावरचा आकडा लिहून घ्या किंवा स्क्रीनशॉट काढा. "साइट बंद आहे" एवढंच सांगितलं तर अर्धा तास प्रश्नोत्तरांतच जातो.

स्टोरेज

स्टोरेज म्हणजे गाळ्यातली जागा. तिथे किती माल ठेवता येतो, एवढंच ती सांगते. बँडविड्थ म्हणजे दारातून किती माल बाहेर गेला. काकूंच्या साइटने सगळे फोटो धरून १०० एमबीसुद्धा जागा घेतली नव्हती. १० जीबीतला तो शंभरावा भाग. जागा जवळपास मोकळी आणि कोटा संपलेला, हे एकाच वेळी होऊ शकतं.

पण स्टोरेजही भरतं, आणि ते भरण्याचं कारण सहसा वेबसाइट नसते. दुकानाच्या नावाचा ईमेल त्याच होस्टिंगवर असेल तर आलेले सगळे मेल, बिलांचे पीडीएफ, डिझायनरने पाठवलेले लेबलचे नमुने, सगळं त्याच १० जीबीत साठतं. बॅकअप घेतला की त्याची मोठी गाठोडी-फाइलही बरेचदा तिथेच पडून राहते. असा बॅकअप दोन कारणांनी वाईट: तो जागा खातो, आणि सर्व्हरच बिघडला तर साइटबरोबर बॅकअपही जातो. बॅकअप आपल्या संगणकावर उतरवून घ्या आणि तिथला पुसून टाका.

जागा भरल्याचं पहिलं लक्षण वेबसाइटवर दिसत नाही, म्हणून ते उशिरा कळतं. गिऱ्हाइक म्हणतं, "तुम्हाला मेल केला, तो परत आला." परत आलेल्या मेलमध्ये `quota` किंवा `mailbox full` असे शब्द असतात. नवीन फोटो चढत नाही, किंवा चढतो पण फाइल शून्य केबीची दिसते. असं झालं की आधी मेलच्या पेट्या तपासा.

याच घरातली आणखी एक मर्यादा प्लॅनवर बारीक अक्षरांत असते, तिला आयनोड म्हणतात. ती जागा मोजत नाही, फाइलींची संख्या मोजते. बहुतेक होस्टिंगवर प्रत्येक मेल ही एक वेगळी फाइल असते, त्यामुळे जाहिरातींचे हजारो छोटे मेल न पुसता ठेवले की जागा शिल्लक असूनही आयनोड संपतात.

अपटाइम

अपटाइम म्हणजे सर्व्हर किती वेळ चालू राहील याचं कंपनीने दिलेलं वचन. टक्केवारी ऐकायला मोठी वाटते, म्हणून ती मिनिटांत करून बघा. तीस दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटं असतात. ९९.९ टक्के म्हणजे त्यातली ४३ मिनिटं बंद राहिली तरी वचन मोडलं नाही. ९९ टक्के म्हणजे ४३२ मिनिटं, सात तासांहून जास्त. ९९.९९ टक्के म्हणजे जेमतेम सव्वाचार मिनिटं. कागदावर एका ९ चा फरक, प्रत्यक्षात दहापट.

महिन्याला ४३ मिनिटं छोट्या दुकानाला चालून जातात. ९९ टक्क्यांचा प्लॅन मात्र मी कोणाला घेऊ देत नाही, कारण ते सात तास रात्रीचेच असतील असं कोणी लिहून देत नाही. शिवाय अटी वाचा: आधी कळवून केलेली दुरुस्ती बहुतेक कंपन्या या हिशेबात धरत नाहीत, आणि वचन मोडलं तर भरपाई होस्टिंगच्या बिलात सूट म्हणून मिळते. बुडालेल्या ऑर्डरींचे पैसे कोणी देत नाही.

आता काकूंचा प्रश्न, जो अगदी रास्त होता: "९९.९ टक्के लिहिलं होतं ना जी, मग साइट बंद कशी पडली?" उत्तर असं की सर्व्हर बंद नव्हताच. तो चालू होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला ५०९ चं पान इमानदारीने दाखवत होता. कंपनीच्या मोजणीत त्या दिवशीचा अपटाइम पूर्ण शंभर टक्के. डोमेनची मुदत संपली, कोटा संपला, किंवा आपल्याच हातून फाइल पुसली गेली, तर ते या टक्केवारीत येत नाही.

साइट उघडत नसेल तेव्हा दोष कुठे आहे हे असं ओळखा. फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर उघडा. उघडली तर दोष तुमच्या इंटरनेटचा. नाही उघडली आणि ५०८ किंवा ५०९ दिसला तर दोष तुमच्या मर्यादेचा. आकडा न दिसता ब्राउझरच `DNS_PROBE_FINISHED_NXDOMAIN` म्हणत असेल तर आधी डोमेनची मुदत पाहा. आणि नुसतंच फिरत राहून `timed out` आलं तर सर्व्हर बंद असण्याची शक्यता मोठी, तेव्हा कंपनीला फोन करा.

कंट्रोल पॅनेल

वरचं सगळं जिथे दिसतं आणि बदलता येतं ते पान म्हणजे कंट्रोल पॅनेल. सर्व्हरला आदेश टाइप करून चालवावं लागू नये म्हणून बटणं दिलेली असतात. सीपॅनेल हे त्यातलं फार वापरलं जाणारं नाव. प्लेस्क, डायरेक्टअ‍ॅडमिन हीही असतात, काही कंपन्यांचं स्वतःचं असतं. बटणांची जागा बदलते, कामं तीच.

नवीन माणूस इथे एका ठिकाणी हमखास अडकतो: पासवर्ड तीन असतात. एक कंपनीच्या साइटवरच्या खात्याचा, जिथे बिल भरता. दुसरा कंट्रोल पॅनेलचा. तिसरा, वेबसाइट चालवायला वर्डप्रेससारखं सॉफ्टवेअर वापरत असाल तर, त्यात शिरून मजकूर बदलायचा. एकाचा पासवर्ड दुसरीकडे चालत नाही. काकूंच्या बाबतीत सगळी खाती पुतण्याच्या ईमेलवर होती आणि तो नोकरीला बेंगळुरूला. त्या सकाळी आमचे दोन तास त्याची मीटिंग संपायची वाट पाहण्यात गेले. आता खाती काकूंच्या स्वतःच्या ईमेलवर आहेत.

सीपॅनेल बहुतेक वेळा आपल्या डोमेनपुढे हे जोडून उघडतं:

```
https://tumchedomain.in:2083
```

आत गेलात की बाजूच्या पट्टीत `Disk Usage`, `File Usage` आणि `Bandwidth` असे आकडे शोधा. पहिला म्हणजे भरलेली जागा, दुसरा फाइलींची संख्या, तिसरा महिन्याचा खर्च. महिन्याच्या १० तारखेला एकदा पाहायचं. बँडविड्थचा तिसरा हिस्सा तोवर गेला असेल तर ठीक. अर्धा गेला असेल तर कारण शोधायला अजून वेळ आहे. मेल पुसायचे असतील तर `Email Disk Usage` मध्ये प्रत्येक पेटीची जागा दिसते आणि वर्षभरापूर्वीचे मेल एकदम काढता येतात.

`File Manager` मध्ये `public_html` नावाचं फोल्डर असतं. जगाला दिसते ती साइट त्याच्या आत असते. ते नाव बदलू नका, ते फोल्डर हलवू नका. फोटो बदलताना इथेच एक चूक आमच्याही हातून होता होता राहिली. पुतण्याच्या पानात फोटोचं नाव `barfi1.jpg` होतं आणि लहान करून सेव्ह केलेल्या नव्या फाइलीचं `Barfi1.JPG`. विंडोजला हे दोन्ही सारखंच वाटतं, पण होस्टिंगचे सर्व्हर बहुतेक लिनक्सवर चालतात आणि लिनक्स लहान-मोठं अक्षर वेगळं धरतं. घरच्या लॅपटॉपवर फोटो दिसतो, सर्व्हरवर चढवला की त्या जागी तुटकी चौकट. म्हणून फाइलींची नावं पहिल्यापासून लहान अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता ठेवा.

`SSL/TLS Status` हे बटणही एकदा उघडून पाहा. पत्त्याच्या सुरुवातीला `https` दिसतं ते साइटच्या एसएसएल प्रमाणपत्रामुळे. ते मोफत मिळतं आणि बहुतेक ठिकाणी आपोआप नवं होतं. ते संपलं तर गिऱ्हाइकाला साइटऐवजी "Not secure" किंवा लाल इशारा दिसतो, आणि तो पाहून ऑर्डर द्यायला कोणी थांबत नाही.

पैसे भरण्याआधी

प्लॅनच्या पानावर मोठ्या अक्षरांतली किंमत बहुतेक वेळा पहिल्या मुदतीची असते. नूतनीकरणाची किंमत खाली लहान अक्षरांत असते, कित्येकदा दुप्पट-तिप्पट. तीच खरी किंमत धरा आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळवा. मग कंपनीच्या चॅटवर तीन गोष्टी विचारा आणि उत्तर लेखी ठेवा: बँडविड्थ संपली तर साइट बंद होते की जादा पैसे लागतात, आयनोडची मर्यादा किती, आणि सर्व्हर कुठे आहे. गिऱ्हाइक भारतातलं असेल तर मुंबईतला सर्व्हर अमेरिकेतल्यापेक्षा लवकर उत्तर देतो.

काकूंनी मोठा प्लॅन घेतला नाही. जानेवारीच्या १० तारखेला त्यांनी स्वतः पॅनेल उघडलं आणि मला आकडा वाचून दाखवला: १०० पैकी ६ जीबी.